गौडा चीज दोन महिन्यांनी कडू का होतं?

तक्रार साधारण अशी असते. चकती दिसायला उत्तम, कापल्यावर आतला रंग हस्तिदंती, तुकडा वाकतो, वासही छान. तिसऱ्या आठवड्यात थोडं चाखलं तेव्हा चव सपक पण ठीक होती. दोन महिन्यांनी मात्र घास गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा येतो आणि पाणी प्यायलं तरी तो हटत नाही. पुढच्या खेपेला विरजण बदललं, मेण बदललं, मुरवायचा फ्रिज बदलला, तरी तेच. घरी रेनेट, म्हणजे दूध जमवणारं एन्झाइम, घालून मुरवलेलं चीज करणाऱ्या आपल्याकडच्या लोकांत ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. बहुतेक वेळा तिचं मूळ मुरवण्याच्या फ्रिजमध्ये नसतंच. ते पहिल्या दिवशी, दुधात रेनेट पडलं त्या मिनिटात असतं.

हे गौडाबद्दल लिहिते आहे, कारण घरी बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. ते फार तापवावं लागत नाही आणि दोन-तीन महिन्यांत खाण्याजोगं होतं. चेडारलाही यातलं बरंचसं लागू पडतं. पार्मेजान जातीच्या चीजला तितकं नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

## आधी कडूपणा कोणता ते ठरवा

कडू कधी आणि कुठे लागतं, यावरून अर्धं निदान होतं. पहिल्याच दिवशी निवळी आणि जमलेला थर कापून मिळालेला ताजा दाणा दोन्ही कडू लागत असतील, तर कॅल्शियम क्लोराइड जास्त पडलं आहे किंवा दूधच खराब होतं. फक्त कडेचा अर्धा सेंटिमीटर कडू आणि मधला भाग चांगला असेल, तर कवचावरच्या बुरशीवर किंवा यीस्टवर संशय घ्या. साबणासारखी, घशाला झोंबणारी चव म्हणजे कडूपणा नव्हे. ती स्निग्धांश फुटल्याची खूण आहे आणि तिचे उपाय वेगळे.

सुरुवातीला कडूपणा नव्हता, तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात हळूहळू आला आणि मध्यापासून कडेपर्यंत सारखाच आहे, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हा कडूपणा प्रथिनांच्या तुकड्यांचा असतो.

## रेनेट दोन कामं करतं, आपण एकच बघतो

दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. ते सूक्ष्म पुंजक्यांच्या रूपात दुधात तरंगत असतं. प्रत्येक पुंजक्याच्या पृष्ठभागावर कॅपा-केसीनची शेपटं बाहेर आलेली असतात आणि त्यांच्यामुळे पुंजके एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेटमधलं एन्झाइम, म्हणजे कायमोसिन, या कॅपा-केसीनच्या साखळीतल्या १०५ आणि १०६ क्रमांकाच्या दुव्यांमधला बंध तोडतं. शेपटं सुटून निवळीत जातात. बोडके झालेले पुंजके कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांना धरतात आणि पातेल्यात खरवसाच्या वडीसारखा थर तयार होतो. लिंबू पिळून पनीर करताना असं काही होत नाही. तिथे आम्ल आणि उष्णता केसीनला एकदम फोडतात, म्हणून चोथा मिळतो, थर मिळत नाही.

हे पहिलं काम अर्ध्या-पाऊण तासात संपतं. पण एन्झाइम काही संपत नाही. बराचसा भाग निवळीबरोबर वाहून जातो, थोडा मात्र दाण्यात अडकून राहतो आणि १२ अंशांवर, महिनोन्‌महिने, केसीन कापत राहतो. हेच दुसरं काम. ते हवंच असतं, कारण त्याशिवाय रबरासारखी चकती मऊ होणार नाही. विरजणातल्या जिवाणूंची एन्झाइमं मग या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करतात आणि त्यातून मुरलेल्या चीजची चव तयार होते.

कडू असतात ते मधल्या आकाराचे तुकडे, विशेषतः बीटा-केसीन या केसीनच्याच दुसऱ्या प्रकाराच्या शेपटाकडचे, पाण्याशी न जमणारे. रेनेट ते ज्या वेगाने बनवतं, त्या वेगाने जिवाणू ते मोडू शकले नाहीत तर ते साठतात. म्हणजे कडूपणा हा जमाखर्चाचा घोळ आहे. जमेची बाजू सगळ्यात सहज फुगते ती रेनेट जास्त पडल्याने, कारण दुधात दुप्पट घातलं की चकतीतही साधारण दुप्पट उरतं.

पार्मेजानचा दाणा ५५ अंशांच्या आसपास तापवतात. तिथे कायमोसिन जवळजवळ निकामी होतं. गौडाचा दाणा ३६ ते ३८ अंशांवरच थांबतो, म्हणून त्यात एन्झाइम जिवंत राहतं आणि मापातली चूक महिनाभराने चवीत दिसते.

## मग लोक जास्त रेनेट घालतात का?

दूध नीट बसत नाही म्हणून. इथे खरी गाठ आहे.

आपल्याकडे दूध आणलं की उकळायचं, हा हाताला लागलेला नियम आहे. चीजसाठी तोच घात करतो. दूध साधारण ७५ अंशांच्या वर जाऊ लागलं की निवळीतली प्रथिनं उलगडतात आणि कॅपा-केसीनला जाऊन चिकटतात. मग एन्झाइमला तो १०५-१०६ चा दुवा धड सापडत नाही, आणि सापडला तरी पुंजके एकमेकांना नीट धरत नाहीत. थोडं कॅल्शियमही विरघळलेल्या रूपातून बाहेर पडतं. उकळलेल्या दुधात कितीही रेनेट ओता, थर लिबलिबीतच राहतो. खोक्यातलं, महिनोन्‌महिने टिकणारं दूध तर विसराच.

पिशवीच्या दुधाची गोष्ट मधली आहे. ७२ अंशांवर १५ सेकंद, एवढंच पाश्चरीकरण केलेलं असेल तर कॅल्शियम क्लोराइडच्या मदतीने ते चांगलं बसतं. पण टिकाऊपणासाठी काही ठिकाणी त्याहून जास्त तापवतात आणि ते पिशवीवर लिहिलेलं नसतं. ‘होमोजिनाइज्ड’ हा शब्द मात्र लिहिलेला असतो, तो शोधा. त्या प्रक्रियेत स्निग्धांशाचे थेंब फोडून बारीक करतात आणि नव्या थेंबांवर केसीनचाच थर बसतो. जे केसीन जाळं विणायला हवं होतं, ते असं थेंबांभोवती अडकतं. थर मऊ पडतो, पाणी धरून ठेवतो, कापताना चुरा होतो.

आता करणाऱ्याच्या जागी उभं राहा. पाऊण तास झाला, सुरी घातली तर भेग सरळ फाटत नाही, पांढुरकं पाणी वर येतं. मनात येतं, रेनेट कमी पडलं. पुढच्या वेळी दुप्पट. थोडं बरं बसतं, म्हणून त्याच्या पुढच्या वेळी आणखी थोडं. दूध दुबळं असल्याचा दंड चीज दोन महिन्यांनी भरतं. शिवाय दुबळ्या थरातून पाणी नीट निघत नाही, आणि जास्त पाणी म्हणजे पातळ मीठ आणि एन्झाइमला मोकळं रान.

## एका चकतीचा हिशेब

ठाण्याच्या एका मैत्रिणीची कृती मी तिच्याकडून बारकाईने विचारून घेतली. आठ लिटर होमोजिनाइज्ड टोन्ड दूध, ‘सुरक्षित असावं म्हणून’ उकळून ३२ अंशांवर आणलेलं. मध्यम तापमानाचं विरजण. रेनेटची पूड, पाकिटावर ताकद लिहिलेली: एका ग्रॅमला २२०० आयएमसीयू. हे रेनेटची दूध जमवण्याची ताकद मोजायचं एकक. ती पूड घालत होती पाव चहाचा चमचा.

गाईच्या दुधाला लिटरमागे साधारण ३५ ते ४० एकक पुरतात. म्हणजे आठ लिटरला फार तर ३२० एकक. त्याला २२०० ने भागलं की उत्तर येतं ०.१४५ ग्रॅम. पाव चमचा पूड भरते पाऊण ते एक ग्रॅम. म्हणजे गरजेच्या पाच ते सात पट रेनेट, तेही पाच ग्रॅमपासून मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तपासून! त्या काट्याला ०.१४५ ग्रॅम दिसणारच नाही.

तिने तीन गोष्टी बदलल्या. दूध ओळखीच्या गोठ्यातून गाईचं, कच्चं आणलं आणि घरीच ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवून लगेच थंड पाण्यात पातेलं ठेवून उतरवलं. (कच्चं दूध तसंच वापरू नका. ब्रुसेलोसिस आपल्याकडच्या जनावरांत आहे आणि दोन महिने मुरवणं हा त्यावर भरवशाचा उपाय नाही.) दुसरं, खाद्य दर्जाच्या कॅल्शियम क्लोराइडचं ३० टक्क्यांचं द्रावण २ मिलिलिटर, अर्धी वाटी पाण्यात मिसळून, रेनेटच्या आधी घातलं. कपाटातली ओल शोषणाऱ्या डब्यातही हेच रसायन असतं, पण ते खाण्याचं नाही. तिसरं, सोन्याचांदीचं वजन करतात तसल्या छोट्या काट्यावर एक ग्रॅम पूड मोजली, १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवली आणि त्यातले १४ मिलिलिटर इंजेक्शनच्या पिचकारीने दुधात घातले. उरलेलं द्रावण फेकलं. जीव तुटतो, पण विरघळलेलं रेनेट तासाभरातच ढिलं पडायला लागतं, उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही.

पाण्याबद्दल एक. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रेनेटला मारतं. पाणी उकळून पूर्ण गार करून वापरा. ‘रेनेट जुनं झालं, जोर गेला’ म्हणून जास्त घालणाऱ्यांपैकी कित्येकांचं रेनेट ठणठणीत असतं, ते मरतं वाटीतल्या पाण्यात.

## तरंगती वाटी

माप बरोबर पडलं का, हे त्याच दिवशी कळायला हवं, दोन महिन्यांनी नव्हे. त्यासाठीची युक्ती साधी आहे. रेनेट घालून अर्धा मिनिट ढवळा, दूध स्थिर करा, घड्याळ रेनेट घातल्यापासून लावलेलं असू द्या. उकळत्या पाण्यातून काढलेली हलकी प्लास्टिकची छोटी वाटी दुधावर तरंगत ठेवा आणि बोटाने हलकेच फिरवा. ती गरगर फिरते. आठव्या मिनिटापासून दर मिनिटाला फिरवून बघा. एका क्षणी ती फिरायला जड होते आणि पुढच्याच एक-दोन मिनिटांत जागेवर रुतते. हा साकळण्याचा क्षण.

तो दहा ते पंधरा मिनिटांच्या दरम्यान आला तर माप योग्य. सहा-सात मिनिटांत आला तर रेनेट जास्त आहे किंवा दूध आधीच आंबट झालेलं आहे. वीस मिनिटं उलटली तर कमी आहे, मेलेलं आहे, किंवा दूध ३० अंशांच्या खाली उतरलं आहे. १८ अंशांच्या खाली तर एन्झाइम शेपटं कापत राहतं, पण पुंजके चिकटतच नाहीत. थंडीत पातेलं खिडकीपाशी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

गौडासाठी हा वेळ तीनाने गुणायचा. मैत्रिणीची वाटी तेराव्या मिनिटाला थांबली, म्हणून तिने थर ३९ मिनिटांनी कापला. सुरी तिरपी घालून वर उचलली तेव्हा भेग सरळ फाटली आणि भेगेत आलेली निवळी हिरवट-पिवळी, स्वच्छ होती. निवळी दुधाळ असेल तर थर अजून कोवळा आहे, थांबा. पण थांबायचं मिनिटांत, रेनेटच्या थेंबांत नाही. एकदा घातल्यावर वरून आणखी रेनेट घालून ढवळणं म्हणजे विणत आलेलं जाळं हाताने फाडणं.

म्हशीचं दूध वापरत असाल तर हीच वाटी जास्त उपयोगी. त्यात केसीन आणि कॅल्शियम दोन्ही जास्त, त्यामुळे ते लवकर आणि कडक बसतं. कॅल्शियम क्लोराइड वगळा, रेनेट पाऊण मापाने सुरू करा आणि वाटी काय सांगते ते बघून पुढच्या वेळी बदला.

## माप बरोबर असूनही कडू झालं तर

आता रेनेटच्या जातीकडे बघा. भारतात चीजसाठी प्राणिज रेनेट चालत नाही, त्यामुळे बाजारात मिळतं ते ‘शाकाहारी’च. पण त्या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे रायझोम्युकर मीही नावाच्या बुरशीचं एन्झाइम. ते दूध छान जमवतं, पण नेमकं १०५-१०६ वर न थांबता इकडेतिकडेही कापत सुटतं. दुसरं म्हणजे वासराच्या कायमोसिनचं जनुक बुरशीत किंवा यीस्टमध्ये बसवून किण्वनाने बनवलेलं कायमोसिन. अमेरिकेत त्याला १९९० मध्ये परवानगी मिळाली आणि आज जगातलं पुष्कळ चीज त्यावरच होतं. ते नेमकेपणाने कापतं. आठवड्यात खायच्या मोझरेलाला पहिलं उत्तम. दोन महिन्यांहून जास्त मुरवायचं असेल तर विक्रेत्याला विचारून दुसरं मागवा.

पपईचा चीक किंवा अंजिराचा चीक वापरायची हौस अनेकांना येते. दोन्ही दूध जमवतात, पण केसीनची इतकी कापाकापी करतात की मुरवलेल्या चीजमध्ये कडूपणा जवळपास ठरलेला. पोर्तुगालमध्ये सेरा दा एश्त्रेलासारखं चीज एका काटेरी वनस्पतीच्या फुलांच्या अर्काने करतात हे खरं, पण ते मेंढीच्या दुधाचं. गाईच्या दुधात तोच अर्क कडू निघतो.

मग मीठ. बीटा-केसीनचं ते कडू शेपूट कायमोसिनने तोडायला पुरेसं मीठ अटकाव करतं. एक किलोची चकती २० टक्क्यांच्या मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरभर पाण्याला २५० ग्रॅम मीठ, १२ ते १४ अंशांवर आठ ते दहा तास हवी. मधे एकदा उलटायची आणि वर उघड्या राहिलेल्या भागावर मीठ भुरभुरायचं. ब्लड प्रेशरच्या काळजीने अर्ध्या वेळात बाहेर काढलेलं गौडा कडू होतंच होतं. त्यापेक्षा तुकडा लहान खा.

दाणा धुणं हाही इथलाच भाग. एक तृतीयांश निवळी काढून तितकंच गरम पाणी हळूहळू घालतात, दाणा ३६ ते ३८ अंशांवर नेतात. त्याने दुधातली साखर कमी होते, म्हणून चकती फार आंबट होत नाही. धुणं टाळलं किंवा विरजण जास्त पडलं की निवळी काढेपर्यंत आम्ल वाढतं, आणि आम्ल जास्त असेल तर कायमोसिन दाण्यातच जास्त अडकतं. रेनेट मोजून घातलेलं असतानाही चकतीत जास्त उरतं ते असं.

तापमानाचं थोडक्यात: १२-१३ अंश. साध्या फ्रिजचे चार अंश फार थंड, मेमधल्या स्वयंपाकघराचा प्रश्नच नको. १८ अंशांवर ‘लवकर मुरेल’ म्हणून ठेवलेली चकती लवकर कडू होते.

## कडू झालेली चकती आता हातात आहे, तिचं काय?

कडू तुकडे हा मधला टप्पा असल्यामुळे जिवाणूंची एन्झाइमं त्यांना गाठू शकतात. चकतीचा कापलेला भाग पुन्हा मेणाने किंवा निर्वात पिशवीने बंद करा आणि सहा आठवडे तशीच १२ अंशांवर ठेवून पुन्हा चाखा. कडूपणा कमी झालेला असेल तर आणखी ठेवण्यात अर्थ आहे. तेवढाच असेल किंवा वाढला असेल, तर रेनेट अजून पुढे धावतं आहे, वाट बघून उपयोग नाही. किसून, वितळवून कडूपणा जात नाही. तो फक्त पातळ करता येतो, म्हणून सँडविचमध्ये किंवा व्हाइट सॉसमध्ये एक भाग हे आणि तीन भाग बाजारातलं साधं चीज अशा प्रमाणात ते खपवा. आणि पाकिटात उरलेली रेनेटची पूड हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये, वर ताकद आणि उघडल्याची तारीख लिहून ठेवा. पुढचं माप त्यावरूनच काढायचं आहे.